पाटी नसलेला मांगर

माझा जीएसटी नंबर निलंबित झाला आहे हे मला एका ठेकेदाराने फोनवर सांगितलं. पोफळी गावच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या पाण्याच्या पंपांची कामं त्याच्याकडे असतात आणि जळालेल्या मोटारी तो वाइंडिंगसाठी, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायला, माझ्याकडे पाठवतो.

"तुमचं बिल चढवायला घेतलं तर नंबरापुढे 'सस्पेंडेड' येतंय," तो म्हणाला. "काय भानगड आहे ती बघून घ्या. तोवर तुमचं बिल मला घेता येणार नाही."

आवाज नेहमीसारखाच होता, पण 'भानगड' हा शब्द मला लागला. बोगस बिलं फाडणाऱ्यांच्या बातम्या त्यानेही वाचल्या असणार आणि आता त्या रांगेत त्याने मलाही उभं केलं असणार, असं मला वाटत राहिलं.

मी रत्नागिरीत सासुरवाडीला राहतो. मुंबईतला माझा कारखाना बंद पडला तेव्हा बायकोने तिच्या बँकेच्या इकडच्या शाखेत बदली मागून घेतली, आणि सासरे गेल्यापासून सासूबाई घरात एकट्याच होत्या, म्हणून आम्ही त्यांच्याकडे आलो. घरामागे चिऱ्यांचा एक मांगर आहे. पूर्वी त्यात आंब्याच्या पेट्या आणि पेंढा असायचा. तो साफ करून मी तिथे वाइंडिंगचं मशीन बसवलं, तांब्याच्या तारेची रिळं ठेवायला फळ्या मारल्या, आणि नोंदणी करताना व्यवसायाची जागा म्हणून तोच पत्ता दिला. आमच्या कर सल्लागार बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "दाराशी नावाची पाटी लावा, तीवर जीएसटी नंबर लिहा, आणि सर्टिफिकेट आत दिसेल असं टांगा. नियमच आहे तो." मी हो म्हणालो आणि पाटी लावली नाही.

का लावली नाही, हे तेव्हा मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. वाडीतली निम्मी घरं सासूबाईंच्या भावकीची. येता-जाता सगळ्यांनी ती पाटी वाचली असती, की जावई सासूच्या मांगरात दुकान लावून बसलाय. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, "ऑफिस बाजारात आहे. जास्तीचं काम असेल तेवढं इथे आणतो." बाजारात माझं कसलंही ऑफिस नव्हतं.

सल्लागार बाईंनी माझं खातं उघडलं. नोटीस येऊन पडलेली होती. ज्या ईमेलवर ती आली, तो मी कधी बघतच नसे. नोंदणी रद्द का करू नये, याचं उत्तर सात कामकाजाच्या दिवसांत द्यायचं होतं आणि त्यातले काही दिवस उडालेच होते. कारण एका ओळीचं होतं: जाहीर केलेल्या ठिकाणी व्यवसाय आढळून आला नाही. सोबत जागेच्या पडताळणीचा अहवाल जोडलेला होता.

"रद्द झालेलं नाही, घाबरू नका," बाई म्हणाल्या. "निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवलंय. तोवर कर लावून एकही बिल फाडायचं नाही. निलंबन उठलं की या काळातल्या कामाची सुधारित बिलं देता येतील. पण हे बघा आधी."

त्यांनी अहवालातला फोटो मोठा केला. घराचा दर्शनी भाग, पाटी नसलेली भिंत, आणि पडवीच्या पायरीवर सासूबाई. पदर खांद्यावरून घेतलेला, एक हात खांबाला, आणि चेहऱ्यावर पाहुणा आला की असतं तसं हसू. खाली लिहिलं होतं की घरातील महिलेने येथे कोणताही व्यवसाय चालत नसल्याचं आणि कार्यालय बाजारात असल्याचं सांगितलं, संबंधितास फोन केला असता उत्तर मिळालं नाही.

त्या दिवशी मी पोफळीला होतो. अनोळखी नंबरचा फोन वाजला होता. मी तो घेतला नाही आणि मागून लावलाही नाही.

घरी आलो तर बायको नुकतीच बँकेतून आली होती. मी तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे अहवालात होतं तेवढं. ती तशीच आत गेली.

"आई, ऑफिसातून कोण आलं होतं? त्यांना तू सांगितलंस इथे धंदा नाही म्हणून?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. "आले होते दोघं जण. मला वाटलं, कोण चौकशीला आलेत. का गो, काय झालं?"

"काय झालं म्हणजे! यांचा नंबर बंद केलाय त्यांनी. न विचारता कशाला बोलायचं? मागे मांगरात मशीन आहे, ते तरी दाखवायचंस!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. त्यांना फक्त मी काय म्हणतो ते हवं होतं. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी प्यायलो.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं काही कळत नाही हो. नुकसान केलं तुमचं."

मी म्हणालो, "असू दे, आई. होतं असं." एवढंच. मोठ्या मनाने माफ केल्यासारखं. ते वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी पुरावे जमवायला लागलो. घर सासूबाईंच्या नावावर, त्यामुळे घरपट्टीची पावती त्यांची, लाइट बिल त्यांचं, आणि जागा वापरू देत असल्याचं संमतीपत्रही त्यांनीच द्यायचं. नोंदणीच्या वेळी दिलेलं होतं, पण बाईंना नवीन, नोटरी केलेलं हवं होतं. तांब्याची तार, वार्निश, बेअरिंग यांच्या खरेदीची जुनी बिलं काढली. सगळ्यांवर पोचवण्याचा पत्ता हाच होता. ट्रान्सपोर्टच्या पावत्या निघाल्या. मांगराचे फोटो काढले, रस्त्यापासून सुरू करून घराचा क्रमांक, मग घरामागची वाट, मग दार, मग आतलं मशीन, अशा क्रमाने, म्हणजे बघणाऱ्याला जागा एकच आहे हे कळावं. फोटोवर ठिकाण आणि तारीख उमटेल असं मोबाइलमध्ये करून घेतलं. पाटी रंगवायला टाकली.

"पाटीचा फोटो द्या, पण ती आधीपासून होती असं भासवू नका," बाई म्हणाल्या. "त्यांच्या फोटोत भिंत मोकळी आहे. नव्हती, आता लावली, असं सरळ लिहू. आणि जागेची पुन्हा पडताळणी करावी अशी विनंती करू."

मग त्यांनी उत्तराचा मसुदा वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं: घरातील ज्येष्ठ महिलेस व्यवसायाची माहिती नसल्याने त्यांनी गैरसमजुतीतून चुकीचे उत्तर दिले. तसंच एक निवेदन सासूबाईंच्या सहीनेही जोडायचं होतं.

"बरोबर आहे ना?" बाईंनी विचारलं.

मी बरोबर आहे म्हणालो.

संध्याकाळी कागद घेऊन सासूबाईंसमोर बसलो. त्यांनी चष्मा लावून संमतीपत्र वाचलं, सही केली. मग निवेदन वाचलं. सहीसाठी पेन टेकवलं आणि थांबल्या.

"माहिती नसल्याने, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"हो. का?"

"नाही, करते सही. पण माहिती होती मला. दिवसभर तुमचं मशीन ऐकते की मी." पेन त्यांच्या हातातच होतं. "त्या माणसाने विचारलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगता तेच सांगितलं. घरात बसून करतात म्हटलं असतं, तर तुम्हाला कमीपणा वाटला असता. परका माणूस समोर, म्हटलं आपण कशाला तुमचा शब्द खाली पाडायचा?"

बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती काही बोलेल, बोलली असती तर सोपं गेलं असतं.

मी निवेदनाचा कागद सासूबाईंच्या पुढ्यातून ओढून घेतला. "यावर सही करू नका."

"का हो? काम अडेल ना तुमचं."

"तुमची चूक नव्हती. बाजारात ऑफिस आहे हे मीच सांगत होतो. मला लाज वाटायची."

"आमच्या घराची?"

मी म्हणालो, "घराची नाही. मी इथे राहतो त्याची." मला तो फरक मोठा वाटत होता. पण त्यांनी हळूच मान हलवली, त्यावरून मला दिसलं की त्यांच्या कानाला दोन्ही एकच लागलं.

सकाळी मी सल्लागार बाईंकडे जाऊन ते वाक्य बदलायला लावलं. बदललेलं असं: मी स्वतः परिचितांना कार्यालय बाजारात असल्याचे सांगत असे, त्यामुळे घरातील व्यक्तीने तेच सांगितले, प्रत्यक्षात बाजारात माझे कोणतेही कार्यालय नाही व व्यवसाय याच पत्त्यावर चालतो. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे एवढं लिहायची तशी गरज नाही," त्या म्हणाल्या. मग मसुदा पुन्हा वाचत, "पण प्रश्न निघालाच असता, ते बाजारातलं ऑफिस कुठलं म्हणून. लिहू." मुदत संपायच्या आत उत्तर ऑनलाइन गेलं. मोबाइलवर आलेला ओटीपी मी वाचून दाखवला.

पुन्हा पडताळणीला पहिल्या वेळचेच जीएसटी निरीक्षक आले, सोबत एक सहकारी. पाटी तोवर घराच्या दर्शनी भिंतीवर लागली होती. वाडीतली दोन-तीन माणसं दगडी गडग्यापलीकडे रस्त्यावर उभी राहिली होती. मला वाटत होतं ती माझ्यासाठीच थांबलीत, कदाचित एसटीची वाट बघत असतील. निरीक्षकांनी मांगर पाहिला, सर्टिफिकेट पाहिलं, खरेदीची बिलं चाळली, उघडून ठेवलेल्या मोटारीबद्दल विचारलं आणि फोटो काढले. जाताना ते पडवीत थांबले.

"आजी, आता काय सांगता? धंदा चालतो ना इथे?"

त्यांनी हसत विचारलं होतं, त्यात खोच नव्हती. पण सासूबाई गोंधळल्या. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं. परवानगी मागावी तसं. त्यांच्या स्वतःच्या पडवीत, त्या माणसांसमोर.

"चालतो," मीच म्हणालो. "मागच्या मांगरात. घर आईंचं आहे."

काही दिवसांनी आदेश आला. कारवाई थांबवली होती, निलंबन उठलं होतं. ठेकेदाराला कळवलं, तो म्हणाला, "चला, बरं झालं, बिल पाठवा," आणि दुसऱ्याच कुठल्या पंपाचं बोलायला लागला. त्याच्या मनात काहीच नव्हतं. भानगड हा शब्द त्याने सहज वापरला होता, त्यावर जागून काढलेल्या रात्री माझ्याच होत्या.

सासूबाईंना सांगायला मी परसात गेलो. त्या वाल सोलत बसल्या होत्या. मी म्हणालो, नंबर सुरू झाला, सगळं मिटलं.

त्यांना खरंच आनंद झाला. हात पदराला पुसून त्या उठल्या, देवापुढे साखर ठेवते म्हणाल्या. दोन पावलं गेल्यावर वळल्या.

"म्हणजे आता माझ्यामुळे तुमचं काही अडलेलं नाही ना?"

मी नाही म्हणालो. तुमच्यामुळे कधीच अडलं नव्हतं, हे म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्या आत गेल्या होत्या.