पालथी ताटं

अगं भाचे, जवळ असतीस ना, तर आधी कानच धरला असता तुझा. संपादकबाईंचं उत्तर आलं तेव्हा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, नाही म्हणाल्या त्या. डिलीट करून टाक." पहिली ओळ वाचून कोणी पत्र मिटतं का?

वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून सगळं सांगते. लालबागच्या ह्याच खोलीत माझ्या सासूबाईंनी गिरणी कामगारांची खाणावळ चालवली. स्वयंपाकघरांवरच्या त्या ब्लॉगवर त्यांच्याबद्दल चार शब्द यावेत, आणि त्यांना ऐकू येतंय तोवर मी ते वाचून दाखवावेत, एवढीच माझी इच्छा. लेख सुचवणारी मेल आपण दोघींनी मिळून लिहिली. नुसतं आमच्या खोलीतलं कोण वाचणार, असं वाटून सगळं गिरणगाव, सगळा संप त्यात कोंबला. सासूबाईंना उरली एक ओळ.

तू फोन ठेवलास, मग मी चष्मा लावून पुढचं वाचलं. बाईंनी लिहिलं होतं, "हा लेख आम्हाला घेता येणार नाही. संपावर यंदा दोन लेख झालेत, आणि तुमचा विषयही त्याच वाटेने जातोय. पण एका ओळीत तुम्ही म्हणता, संपात गावी गेलेल्यांची ताटं सासूबाईंनी पालथी घालून ठेवली. मी तिथेच थांबले. कोणाची ती ताटं? कोणी परत आलं का? तेवढंच लिहा, आठशे शब्दांत. पुन्हा विचारायची गरज नाही, थेट लेख पाठवा. छापूच असं आत्ता सांगत नाही, पण मी स्वतः वाचेन."

इतकी वर्षं ती चार ताटं मी दिवाळीला घासते, पुन्हा पालथी ठेवते. विचारलं म्हणून कधी नाही.

ताटं काढून सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांना अक्षर येत नव्हतं, म्हणून माणसागणिक खिळ्याने ठिपके पाडलेले. बोटाने चाचपत त्या सांगत गेल्या. एक ठिपका कणकवलीचा. दोन आणि तीन सख्खे भाऊ, भात जास्त लागायचा. पाच ठिपक्यांवर बोट थांबलं.

"ह्यो माझो भाव."

त्यांना भाऊ होता हेच मला ठाऊक नव्हतं.

"आई, मग हे ताट अजून कशाला ठेवलंत?"

"येतलो तो," म्हणाल्या. "सुलटा करूक कितको वेळ लागता?"

लेख अर्धा झालाय. भावाचं नाव अजून सांगितलेलं नाही त्यांनी, आणि मी घाई करत नाही. पण हल्ली दुपारनंतर त्या मलाही ओळखत नाहीत. सकाळी बोलतात. तू सकाळचीच ये गं, ह्या रविवारीच ये. ताटांचे फोटो तूच काढायचेस.