राहिला की थांबला

बेळगावजवळ कंग्राळीच्या शाळेत मी मराठी शिकवायचो, तेव्हा वर्गाची किल्ली रवळूच्या चड्डीच्या खिशात असायची. त्याला कुणी नेमलं नव्हतं. शाळा सुटली की सगळी पोरं एकदम बाहेर पळायची आणि खिडक्या लावायला रवळू मागं उरायचा. पुढं त्याची ती जागाच झाली. सहलीला गेलो तर एस.टी.च्या टपावरचं सामान उतरवून घ्यायला तोच असायचा. स्नेहसंमेलन झालं की मंडपवाल्याच्या खुर्च्या मोजून द्यायलाही तोच.

मोठा झाल्यावर तो उद्यमबागेत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागला. वडील लवकर गेले. आईचं दुखणं लांबत गेलं आणि त्यात लग्न राहून गेलं. दोन वर्षांपूर्वी आईही गेली. त्यानंतर त्याला माणसं अशी तीनच उरली, तीही शाळेतलीच. सूरज सांबऱ्याकडं जमिनींची खरेदी-विक्री करतो, नागेंद्रचं अनगोळात हार्डवेअरचं दुकान आहे आणि समर्थ निपाणीत बँकेत आहे. तिघांच्याही लग्नात शेवटचं पातेलं मोजून देईपर्यंत कार्यालयात रवळू होता. तिघंही त्याला जीव लावत. पण त्या जीव लावण्यात एक गृहीत धरणं होतं, आणि ते तिघांच्या लक्षात आलं नव्हतं. रवळूच्याही आलं नसावं.

मागच्या हिवाळ्यात चौघांनी वेंगुर्ल्याकडं समुद्रावर एक बंगला भाड्यानं घेतला. रात्रीचे नऊ हजार, तीन रात्री. सत्तावीस हजार सूरजनं आधीच ऑनलाइन भरले. एकदा भरलेलं परत मिळणार नव्हतं. वर पाच हजार डिपॉझिट मालकाला रोख द्यायचं होतं, तेही सूरजनं दिलं. रवळू आयुष्यात पहिल्यांदा असा कुठं राहायला निघाला होता. जायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडं नवी चप्पल दाखवायला आला होता.

पहिल्या रात्री तिघंच होते. समर्थला रजा मिळाली नाही, तो दुसऱ्या दिवशी आपल्या गाडीनं पोचला. दुसरी रात्र चौघांची झाली. रवळू सांगतो की त्या रात्री ते वाळूत बसून शाळेतल्या सगळ्या मास्तरांच्या नकला करत होते. माझीही केली असणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी सूरजला फोन आला. सांबऱ्याची जागा विकत घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळीच येणार होता. सूरज निघाला, म्हणून त्याच्या गाडीनं आलेला नागेंद्रही निघाला. समर्थला तसंही दुसऱ्या दिवशी बँकेत हजर व्हायचं होतं. प्रश्न डिपॉझिटचा होता. मालक सकाळी येऊन घर बघणार आणि मगच पाच हजार देणार. तेव्हा गाडीत बसता बसता सूरज म्हणाला, "रवळू, तू थांब रं. चावी दे, पैसे घे आणि एस.टी.नं ये."

रवळू थांबला. चार खोल्यांच्या त्या घरात एकटाच. गाद्यांच्या चादरी चुरगळू नयेत म्हणून तो व्हरांड्यातल्या बाकावर झोपला. सगळ्यांची उष्टी भांडी घासून ठेवली. सकाळी मालकाला चावी दिली, डिपॉझिट मोजून घेतलं आणि दोन गाड्या बदलून संध्याकाळी बेळगावला आला. पाच हजार सूरजच्या हातात दिले, मगच घरी गेला.

पुढच्या रविवारी चौघं माझ्या घरी आले. वर्षातून एकदा येतात. चहा झाला आणि सूरजनं मोबाइल काढला. म्हणाला, हिशेब झालाय, आता वाद नको, मशीननं केलाय. कोण कुठल्या रात्री राहिला ते त्यानं ॲपमध्ये भरलं होतं आणि प्रत्येक रात्रीचं भाडं त्या रात्री असलेल्या माणसांत वाटलं होतं. समर्थ एक रात्र होता, त्याचे बावीसशे पन्नास. सूरज आणि नागेंद्र दोन रात्री, प्रत्येकी बावन्नशे पन्नास. रवळूचे चौदा हजार दोनशे पन्नास, कारण तिसऱ्या रात्री घरात तो एकटाच होता आणि ते नऊ हजार त्याच्या एकट्यावर पडले होते.

नागेंद्र तसा दुकानदार, त्याला ते खटकलं. तो म्हणाला, एवढं नको, सगळ्यांच्या रात्री मिळून आठ होतात, तर रात्रीमागं तेहतीसशे पंचाहत्तर धरू, म्हणजे रवळूला दहा हजार सव्वाशे पडतील. समर्थ हसत म्हणाला, "मग माझे वाढत्यात की रं. मी तर तिथं नुसता जेवायलाच आलतो."

रवळू कपाकडं बघत होता. मग हळूच म्हणाला, "तिसऱ्या रात्री मी राहिलतो न्हाय. थांबलतो."

"आता मराठीचा पेपर हाय व्हय रं?" सूरज म्हणाला. "सर समोर हाईत म्हणून?" तिघं हसले. सूरजच्या मनात वाईट काही नव्हतं. तो शाळेतही असाच बोलायचा.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, त्याचं मराठी बरोबर आहे. बंगला चौघांनी तीन रात्रींसाठी ठरवला होता. तुम्ही आपापल्या कामांनी निघालात आणि तो तुमच्या कामासाठी मागं उरला. त्या रात्रीचं भाडं चौघांत वाटा. सूरज आणि नागेंद्रनं माना डोलावल्या. समर्थनं मनातल्या मनात आकडे केले. त्याचे साडेचार हजार होत होते आणि बाकी तिघांचे साडेसात-साडेसात. "बरोबर हाय," तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

तेवढ्यात सूरजच्या हातातला मोबाइल वाजला. रवळूनं चौदा हजार दोनशे पन्नास पाठवले होते. मी बोलत होतो तेव्हाच त्यानं ते केलं असावं. कप बशीत ठेवून तो उठला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "येतो सर. ह्यांचं चालू दे."

दुसऱ्या दिवशी सूरजनं जादाचे सहा हजार सातशे पन्नास परत पाठवले. 'चुकलं रं' असंही लिहिलं. रवळूनं पैसे घेतले. हिशेब पैशापर्यंत जुळला. रवळूनं अबोला धरला नाही. फोन केला तर उचलायचा, भेटला तर बोलायचा. स्वतःहून मात्र त्याचा फोन कुणाला आला नाही.

वैशाखात सूरजच्या मुलीचा, सौम्याचा, साखरपुडा होता. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. कार्यालयाचा मॅनेजर भांडी मोजून घ्यायला वही घेऊन आला, कारण त्याशिवाय अनामत मिळत नाही. सूरज इकडंतिकडं बघत माझ्याकडं आला.

"सर, रवळू कुठं दिसला?"

मला दिसला होता. सौम्याच्या हातात पाकीट देऊन, माझ्याशी दोन शब्द बोलून पहिल्या पंगतीलाच जेवला होता आणि कंग्राळीच्या बसला गेला होता. मी तसं सांगितलं. सूरजनं दाराकडं बघितलं. मग जरीच्या कुडत्याच्या बाह्या सारून भटारखान्यात गेला. "लई बदलला, सर," एवढंच जाता जाता म्हणाला. आतून पळ्या आणि झारे मोजल्याचा आवाज येऊ लागला.

मी बाहेर पायरीवर रिक्षाची वाट बघत बसलो. रवळूला त्या दिवशी कसली घाई नव्हती. कारखान्याला सुट्टी होती आणि घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. घराला कुलूप होतं, त्याची किल्ली त्याच्याच खिशात. तरीही तो सगळ्यांच्या आधी निघाला होता.