ओळखीचा पासवर्ड

माझे सासरे ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा घरी एक भिंतीवरचं घड्याळ आणि गुप्ततेची जबरदस्त सवय घेऊन आले. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं. सवय मात्र चालूच राहिली. किराणा काय आणायचा हेसुद्धा ते दुकानदाराच्या कानाजवळ जाऊन सांगत. गंगापूर रोडवरच्या आमच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये शत्रूदेशाला कशात रस असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी ते गंभीरपणे सांगितलं असतं आणि मला हसू आवरलं नसतं.

घरात ब्रॉडबँड आलं ते त्यांच्या शेअरच्या भावांसाठी. फोनच्या तारेला जोडलेला काळा डबा, त्याला ते 'राउटर' म्हणत आणि 'र'वर भलताच जोर देत. बसवणारा माणूस जाताच बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, डब्याचा ताबा घेतला. खालच्या लेबलवर कंपनीने राउटरच्या पानाचा पत्ता आणि ठरावीक पासवर्ड छापलेला असतो. "ही काय उघड्यावर ठेवायची गोष्ट आहे?" असं म्हणत त्यांनी ब्लेडने ते लेबल खरवडलं. मागे रीसेटचं बारीक भोक असतं. त्यात त्यांनी पार्सलवर लावतात ती लाल लाख वितळवून ओतली. नंतर आत जाऊन काय काय बदललं ते कोणालाच सांगितलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही, आणि तो तर त्यांच्याच कारखान्यात नोकरीला.

मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि मला या डब्याकडून एकच गोष्ट हवी होती. मुंबईच्या एका कंपनीने मला मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं काम आठवडाभर चाचणीवर दिलं होतं. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांबद्दल पुटपुटत टेप करतात, ते ऐकून टाइप करायचं आणि वेळेत पाठवायचं. पाठवलं तर नोकरी, नाही पाठवलं तर राम राम. घरात या नोकरीबद्दल कोणी वाईट बोललं नव्हतं, कारण कोणी त्याबद्दल बोललंच नव्हतं. मी हेडफोन लावून बसले की घरचे पाहुण्यांना सांगत, "तिला गाणी ऐकायची आवड आहे."

चाचणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी शेवटची फाइल संपवली आणि पाठवायला गेले तर इंटरनेट गायब. डब्यावरचा एक दिवा हिरवा, म्हणजे फोनची तार शाबूत. दुसरा बंद. फाइल चारच्या आत पोचायला हवी होती. पेनड्राइव्ह घेऊन सायबर कॅफेत पळता आलं असतं, पण रोग्यांची माहिती बाहेरच्या कॉम्प्युटरवर उघडायची नाही, असं मी कंपनीला सही करून दिलं होतं.

बाबा मनमाडला, त्यांच्या बहिणीकडे. नवरा ओझरला, आणि आत मोबाइल न्यायला बंदी. घरी मी आणि सासूबाई. सासूबाई पलंगावर मेथी निवडत होत्या.

मी कस्टमर केअरला फोन लावला. तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून सगळ्या ग्राहकांचे कनेक्शनचे पासवर्ड बदललेत. तुमचा नवा लिहून घ्या आणि राउटरच्या पानावर जाऊन टाका."

"कुठे जाऊ?"

"ब्राउझरमध्ये एक नऊ दोन डॉट एक सहा आठ डॉट एक डॉट एक."

मी टाइप केलं. पान उघडत नाही, असा निरोप आला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "परत टाका." परत टाकलं. "परत टाका, मॅडम." हा मुलगा देवळातला पुजारी असता तर बरा शोभला असता. शेवटी म्हणाला, "मग मागचं छोटं भोक पिनने दाबून धरा, सगळं मुळासारखं होईल."

मी लाखेवर पिन टोचली. पिन वाकली. सासऱ्यांच्या नावाने मनात जे काही म्हटलं ते इथे लिहीत नाही, पण त्यातला कुठलाच शब्द गुप्त नव्हता.

मग कॉलेज रोडला कॉम्प्युटरचे क्लास घेणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. ती हसली. "अगं, सासऱ्यांनी पत्ता बदललाय, दुसरं काय! पण घराची पाटी बदलली तरी तुझा कॉम्प्युटर रोज त्याच दारातून बाहेर जातो ना? त्यालाच विचार. स्टार्ट, रन, सीएमडी. काळी खिडकी उघडेल. तिथे आयपीकॉन्फिग लिही. 'डिफॉल्ट गेटवे'च्या ओळीत जे असेल तो राउटर."

काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं सरकली. डिफॉल्ट गेटवेसमोर आकडा होता एक नऊ दोन, एक सहा आठ, सत्तेचाळीस, बारा. सत्तेचाळीस बारा! तो बाबांचा कारखान्यातला टोकन नंबर. डब्यांच्या झाकणांवर, छत्रीच्या दांड्यावर, स्टीलच्या पेल्यांवर, सगळीकडे कोरलेला. गुप्ततेचा एवढा आव, आणि पत्ता पाणी पिताना वाचता येईल असा.

तो आकडा ब्राउझरमध्ये टाकला आणि लगेच करड्या रंगाची चौकट आली. युजरनेम, पासवर्ड. युजरनेम 'अॅडमिन'च असणार, मैत्रीण म्हणाली, या बनावटीच्या डब्यात ते बदलताच येत नाही. पासवर्ड 'अॅडमिन' टाकला. चौकट परत आली. सत्तेचाळीस बारा टाकला. परत आली. नवऱ्याचं नाव, नणंदेचं नाव, कुलदैवत, स्कूटरचा नंबर. चौकट निर्लज्जासारखी परत परत येत होती. माझं नाव टाकलं, म्हणजे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नाव. तेही नाही.

मनमाडला आत्तेसासूंच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी फोन लावला आणि ट्रंक कॉलवर ओरडावं तसं ओरडून बाबांना बोलावून घेतलं.

"बाबा, राउटरचा पासवर्ड सांगा ना."

पलीकडून खालच्या आवाजात, "असलं फोनवर सांगत नसतात, सूनबाई."

"बाबा, चारला फाइल गेली नाही तर माझी नोकरी जाईल."

"लाइनवर कोण असतं आपल्याला ठाऊक असतं का?"

"लाइनवर मी आहे!"

ते घुटमळले. "तुझ्या ओळखीचाच शब्द आहे," एवढं म्हणाले आणि फोन ठेवला. मी परत लावला तर आत्तेसासू म्हणाल्या, "तो गेला गं चपला घालून. स्टेशनवर गाड्या बघायला गेला असंल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संतापाचं. आठवडाभर कुठल्या कुठल्या डॉक्टरांची मूतखड्यापासून मूळव्याधीपर्यंतची बडबड निस्तरली, ती या एका चौकटीपायी वाया जाणार होती. आणि संध्याकाळी घरी सगळे म्हणणार होते, जाऊ दे, तशी गरज काय होती.

सासूबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. त्या दिंडोरीकडच्या खेड्यातल्या. कॉम्प्युटरला त्यांनी पुसण्याशिवाय हात लावलेला नव्हता.

"काय म्हनले ते?"

"माझ्या ओळखीचा शब्द आहे म्हणाले."

त्यांनी जरा विचार केला. "तिजोरीला अक्षरांचं कुलूप आनलं तवा मला सांगत व्हते. घरातल्या मानसाचं नाव ठिवायचं नाय, चोर तेच आधी बघतो. घरात नसलेल्या मानसाचं ठिवायचं."

"घरात नसलेलं, आणि माझ्या ओळखीचं? असं कोण आहे?"

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तू हायेस की," त्या म्हणाल्या. "आधीची."

मला काही क्षण कळलंच नाही. मग मी माझं माहेरचं नाव टाइप केलं. बावीस वर्षं वापरलेलं, हाक मारली की मान वळायची ते. स्पेलिंग माझ्या पदवीच्या सर्टिफिकेटवर आहे तसं, दोन 'ई' लावून. या घरात आल्यापासून ते कोणी उच्चारलं नव्हतं, आणि खरं सांगते, मलाही सुचलं नव्हतं.

चौकट गेली. निळं पान उघडलं.

पुढचं सोपं होतं. कनेक्शनच्या पानावर युजरनेम होतंच, त्याखालच्या ठिपक्यांच्या जागी नवा पासवर्ड भरला, सेव्ह केलं. डब्याचे सगळे दिवे मालवले, एकेक करून पेटले, आणि शेवटी तो बंद असलेला दिवाही हिरवा झाला. फाइल गेली. चारला अजून थोडा वेळ होता. पोचल्याची मेल आली तेव्हा मी सासूबाईंना चक्क मिठी मारली आणि त्यांच्या हातातली मेथी माझ्या पाठीवर सांडली.

पण राग गेला नाही. उलट वाढलाच. बाबांना माझं नाव ठाऊक होतं, स्पेलिंगसकट. फोनवर मला त्या नावाने नुसती हाक मारली असती तरी काम झालं असतं. ते त्यांना जमलं नाही, त्यापेक्षा स्टेशनवर गाड्या बघणं सोपं गेलं. माझं नाव म्हणजे या घरातली सगळ्यात सुरक्षित जागा, कारण तिथे कोणी फिरकत नाही. मी हे सगळं सासूबाईंना बोलून दाखवलं, आवाज चढवून.

त्यांनी ऐकून घेतलं. खाली सांडलेली मेथी गोळा करता करता म्हणाल्या, "माझं बी व्हतं की."

"काय?"

"नाव."

मी विचारलं, काय होतं. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, घरात दुसरं कोणी नसताना. मग हळूच सांगितलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. छान नाव होतं. छोटंसं, पाण्याशी नातं असलेलं. शेवटची हाक कोणी मारली होती विचारलं तर म्हणाल्या, "आईनं मारली आसंल. माहेरी नंतर समदे आक्काच म्हनायचे."

राउटरचं पान अजून उघडंच होतं. त्यात पासवर्ड बदलायची जागा मला सापडली. "स्पेलिंग कसं करू?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? लिही कसं बी," त्या म्हणाल्या, पण चष्मा लावून पडद्यासमोर आल्या. टाइप करताना चौकटीत नुसतेच ठिपके उमटले. "दिसत नाय ते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आत आहे.

बाबा दोन दिवसांनी परतले. हातपाय धुऊन थेट कॉम्प्युटरसमोर बसले आणि राउटरचं पान उघडलं. थोड्या वेळाने घसा साफ करून म्हणाले, "सूनबाई, पासवर्ड बदललास वाटतं."

"हो. सुरक्षिततेसाठी."

"काय ठेवलायस?"

"फोनवर नाही ना आपण? मग सांगायला हरकत नव्हती. पण तुमच्या ओळखीचाच आहे, बाबा."

त्यांनी माझं जुनं नाव टाकून पाहिलं. टोकन नंबर, मुलांची नावं, गावाचं नाव, कारखान्यात जोडलेल्या विमानाचं नाव. मग एकदम चेहरा उजळला, आणि त्यांनी बायकोचं नाव टाकलं, त्यांनी स्वतःच तांदळात लिहिलेलं. करडी चौकट परत आली. ते वैतागून पलंगाकडे वळले.

"काय गं, तुला माहीत आहे का?"

सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला कसं म्हाईत असनार?"