पोत्यानेही ताडी प्यायली होती का?

नाशकात तीस सालानंतर दुकानांच्या भिंतींना आतून ऑइलपेंट लावायची हौस शिरली. मी तेव्हा रंगकामाचे ठेके घेत असे. सुरुवात चुना कालवण्यापासून केली होती, त्यामुळे कुठल्याही शेठची भीड मला नव्हती. तरी मेन रोडवरच्या त्या कापडवाल्याने मला जो ताप दिला, त्याचा राग आजही गेलेला नाही.

त्याच्या दुकानात भिंतीवर वरच्या बाजूला मोठी अक्षरं काढायची होती. ते काम माझ्याकडचे चाचा करत होते. जुन्या नाशकातल्या मुसलमान घराण्यातला हा माणूस, अक्षर असं काढायचा की लोक रस्त्यात थांबून बघत. चाचांनी शिडी भिंतीजवळ, चांगली उभी लावली होती. भिंतीलगत शेठजींचं काचेचं नवं कपाट होतं. काचेला शिडीचा चरा जाईल म्हणून त्यांनी शिडीचा पाय फरशीवर चांगला लांब ओढायला लावला. शिडी पार तिरपी झाली.

चाचा म्हणाले, "शेठ, ऐसी नाही टिकणार."

शेठजी दुसऱ्या पायरीवर चढले आणि दाणदाण पाय आपटले. "हलते का? मी तुझ्या दीडपट आहे!"

एवढ्यावर न थांबता, शिडीचा पाय धरून उभा असलेला माझा गडी त्यांनी गाठोडी उचलायला पिटाळला. चाचा चढले. अर्ध्याच्या वर गेले आणि शिडीचा पाय फरशीवरून सुटला. चाचांचं डावं मनगट मोडलं. ब्रशचा हात वाचला, हेच नशीब.

त्याच संध्याकाळी शेठजींनी रस्ताभर सांगितलं की पेंटर ताडी पिऊन चढला होता. चाचांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पण दोन दुकानदारांनी ठरलेलं काम काढून घेतलं. पिणाऱ्याला शिडीवर कोण चढवणार?

मी तडक दुकानात गेलो. "शब्द मागे घ्या."

"माझ्या पायाखाली हलली नाही, त्याच्या पायाखाली घसरली. मग दोष कुणाचा?"

डोकं असं फिरलं की काय सांगू! खालच्या पायरीवर नाचून शिडी पारखणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. अरे, खाली उभा राहशील तर ती टिकणारच! ऑइलपेंटची भिंत गुळगुळीत, ती शिडीला धरत नाही, नुसती मागे रेटते. धरायला एक फरशीच. माणूस वर जाईल तसा शिडीचा माथा भिंतीवर जास्त दाबतो, भिंत तेवढीच परत रेटते आणि पाय बाहेर जाऊ बघतो. फरशीवरचं वजन मात्र तेवढंच राहतं, म्हणून तिची पकडही तेवढीच. कुठेतरी ती कमी पडणारच.

हे बोलून शेठला पटलं नसतं. शेजारच्या दाणेवाल्याकडून गव्हाचं पोतं आणलं, कपाट चादरीने झाकलं आणि शिडी शेठजींनी ओढली होती तिथेच लावली. गड्याने पाय दाबून धरला, मी खालच्या पायरीला पोतं बांधलं. गड्याने हात काढला. शिडी जागची हलली नाही. मग तसंच त्याच्या वरच्या पायरीला, मग आणखी वर. अर्ध्याच्या वर पोतं गेलं, गड्याने हात सोडला आणि शिडी सर्रकन खाली आली.

बघ्यांची गर्दी झाली होती. शेठजी म्हणाले, "पोतं जड आहे."

मी अर्धा गहू ओतून काढला. पुन्हा तेच. हलक्या पोत्यालाही जवळपास तिथेच घसरली. वजन कमी, तर रेटा कमी आणि पकडही कमी, हिशेब तोच!

"आता बोला, शेठजी," मी ओरडलो, "पोत्यानेही ताडी प्यायली होती का?"

सगळे हसले. मग मी शिडी चाचांनी लावली होती तशी उभी केली आणि स्वतः वरपर्यंत चढून उतरलो.

आता घासाघीस सुरू झाली. शेठजी म्हणाले, "बरं, झाली चूक."

"कुणाची?"

"शिडी चुकीची लावली गेली."

"आपोआप गेली?"

"अहो, आत बसून बोलू. चहा मागवतो."

"ताडीचं रस्त्यावर सांगितलंत, हेही रस्त्यावरच सांगा."

शेवटी ते दुकानाच्या पायरीवर आले. "पेंटर प्यायलेला नव्हता. शिडी मी ओढायला लावली," असं, न घेणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कापडाची घडी मोडावी तसं नाइलाजाने म्हणाले. मी म्हटलं, "मोठ्याने." ते मोठ्याने म्हणाले.

दाणेवाल्याने तिथल्या तिथे चाचांना आपल्या दुकानाची पाटी रंगवायचं काम दिलं. गेलेल्या दोन कामांपैकी एक परत आलं. दुसरा दुकानदार म्हणाला, "कशाला उगाच? लोक अजून बोलतात." लोक बोलत होते, कारण शेठजींनी ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळी बाजारपेठ होती, आणि मागे घेतलं तेव्हा पंधरा-वीस माणसं. तेवढ्यावर मी सौदा मिटवला, हीच माझी बोच. मी त्यांना दारोदार फिरवायला हवं होतं.