मंगळीच्या कानातला बिल्ला

कर्जतच्या विमा कचेरीत दाव्यांची नोंदवही रूपालीच्या गळ्यात पडली, ती दुसऱ्या कुणाला नको होती म्हणून. वही कॉम्प्युटरवरची, पण कटकट तीच. दावा कधी आला, किती रकमेचा, किती दिवसांत निकाली निघाला, नाकारला तर का. आणि हे सगळं गाडी, दवाखाना, गुरं असं पॉलिसीवार. महिनाअखेर या दिवसांची सरासरी वरच्या कचेरीत जायची आणि वरून बोलणी खाली यायची.

एकदा तिनं नुसत्या गुरांच्या दाव्यांवर नजर टाकली आणि चाटच पडली. गाड्यांचे दावे नाकारायला सतरा कारणं: कुणाचं लायसन संपलेलं, कुणी उशिरा कळवलेलं. गुरांना मात्र एकच, ‘बिल्ला जमा नाही’. विम्याच्या जनावराच्या कानात नंबराचा बिल्ला असतो. जनावर मेलं की तो कचेरीत द्यायचा, नाहीतर दमडी मिळत नाही. आणि हे नाकारलेले दावे जवळजवळ सगळे पळसदरीच्या वरच्या वाड्यांतले!

तिथल्याच सोनुबाईचा, तिच्या मेलेल्या म्हशीचा दावा अजून लटकलेला होता.

"नाकारून टाक गं," योगेंद्र साहेब म्हणाले. "पेंडिंग ठेवलास तर सरासरी बोंबलते."

"डॉक्टरांच्या दाखल्यावर बिल्ल्याचा नंबर आहे, साहेब. मी जाऊन विचारते."

"जा बाई, पण उशीर तुझ्या नावावर!"

असू दे माझ्या नावावर, असं पुटपुटत ती वाडीवर पोचली.

"बिल्ला मंगळीच्या कानातच हाय," सोनुबाई म्हणाली. "म्हशीसंगट पुरला. कान कापल्याबिगर निघत नाय म्हणं. जिच्या दुधावर नात शिकली, तिच्या कानाला सुरी लावू? मी काय कसाई हाय, बाय?"

रूपालीला ते पटत होतं. पण खोटी आशा कशी दाखवायची?

"मावशी, बिल्ल्याशिवाय पैसे नाहीत. खड्डा उकरावा लागेल. तुमच्या मनाला पटलं तरच."

सोनुबाई रिकाम्या गोठ्याकडे बघत राहिली. दुसरी म्हैस आली नाही, तर नातीची शाळा सुटणार होती. शेवटी तिनं लेकाला हाक मारली, "गजा, फावडं घे रं."

स्वतः मात्र ती पाठ फिरवून बसली आणि मोठमोठ्यानं रडली. रूपालीनं तिचा हात सोडला नाही.

दावा मंजूर झाला. पण वहीत त्या ओळीला लाल रंग चढला आणि उशिराचं कारण विचारलं गेलं. कागद अपुरे, पाहणी बाकी, असली ठरलेली कारणं सोडून रूपालीनं ‘इतर’ निवडलं आणि लिहिलं: ‘मेलेल्या म्हशीचा कान कापायला मालकिणीचा हात धजला नाही.’

साहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"म्हणजे आधी नाकारलेल्यांचंही हेच असेल का गं?"

"काय माहीत, साहेब," रूपाली म्हणाली. "आपण विचारलंच नाही."