सोवनीकाकांचं ‘द सेम’

आमच्या माजिवड्याच्या कंपनीतून एकही पत्र हरिहर सोवनींच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. काका डोंबिवलीहून वेळेआधी येत आणि माझ्या ईमेलांत ‘द सेम’ पेरत. मी लिहायचे, ‘प्लीज सेंड इट’. ते करायचे, ‘काइंडली सेंड द सेम’. ‘इट’ त्यांना उघडंबोडकं वाटायचं, आणि वस्तूचं नाव पुन्हा घेणं म्हणजे समोरच्यावर खेकसणं.

“रुचिता, पत्राला अदब हवी,” ते म्हणत. मी चरफडत सेंड दाबायचे.

काका साठीचे झाले होते. एकतीस तारखेला निवृत्ती होती आणि एका वर्षाच्या मुदतवाढीचा त्यांचा अर्ज आमच्या मॅनेजर हेमांगी मॅडमच्या टेबलावर होता. घरी बसून माणूस करणार काय, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात आम्हाला सुटे भाग बनवून देणाऱ्या शीळफाट्याच्या तानाजीने एका लोखंडी पट्टीचं ड्रॉइंग आणि मटेरियलचा टेस्ट रिपोर्ट पाठवला. ड्रॉइंगमध्ये भोकाचं माप चुकलं होतं. काकांनी उत्तर लिहिलं: तुमचं ड्रॉइंग आणि टेस्ट रिपोर्ट मिळाले, त्यात चूक आहे, ‘काइंडली करेक्ट द सेम’ आणि काम सुरू करा.

तानाजी आज्ञाधारक माणूस. त्याने रिपोर्ट दुरुस्त केला. कडकपणाचा आकडा दोनने वाढवला आणि चुकीच्या भोकाच्या दोनशे पट्ट्या पाडून मोकळा झाला.

मॅडमनी त्याला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, लेटरमध्ये शेवटी रिपोर्टच लिहिलेला. मला वाटलं, सेम म्हणजे तोच.”

खोटा आकडा घातल्याबद्दल त्याची खरडपट्टी निघाली. पण पत्राबद्दल त्याला कुणी काही बोलू शकलं नाही.

मॅडमनी फर्मान काढलं: ‘द सेम’ बंद. एकच वस्तू असेल तर ‘इट’, दोन असतील तर जी हवी तिचं नाव. तानाजीला नवं पत्र मी लिहिलं: ‘प्लीज करेक्ट द होल साइझ इन द ड्रॉइंग’. तासाभरात ड्रॉइंग आलं. मला उकळ्या फुटल्या.

मग मॅडमनी काकांच्या अर्जाचं उत्तरही मलाच लिहायला सांगितलं. साधं लिही, म्हणाल्या. मी लिहिलं: तुम्ही एका वर्षाची मुदतवाढ मागितली होती. कंपनी ती मुदतवाढ देऊ शकत नाही. एकतीस तारीख तुमचा शेवटचा दिवस असेल.

काकांनी कागद वाचला. मी उभीच होते. ते काहीतरी खोडतील, निदान एक ‘काइंडली’ तरी घालतील, असं मला मनापासून वाटत होतं.

“तू लिहिलंस?”

मी मान हलवली.

“चांगलं लिहिलंयस. एकदा वाचलं की कळतं,” ते म्हणाले. मग चष्मा पुसून त्यांनी पुन्हा वाचलं.