बुडणाऱ्या तांडेलाचा काळ

रेवदंड्याच्या बर्फाच्या कारखान्यात हरेश्वरने तीस वर्षं लाद्या फोडल्या आणि फावल्या वेळात त्या लाद्यांहून थंड रहस्यकथा लिहिल्या. सात दिवाळी अंकांनी त्या परत पाठवल्या. आठव्याचा संपादक निकेत, अलिबागचा, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारा. होडीच्या म्होरक्याची, तांडेलाची गोष्ट वाचून त्याने मात्र फोन केला.

"काका, गोष्ट छापतो, पण वर्तमानकाळात करून द्या. तुमचा तांडेल स्वतःच सांगतोय, 'मी खाडीत पडलो.' सांगायला बसलाय म्हणजे वाचलाच की. मग वाचकाने घाबरायचं कशाला?"

"शेंबड्याला मिशी फुटली नाही अन् मला काळ शिकवतो," हरेश्वर पुटपुटला. पण छापून येण्याची ही एकच संधी. निमूटपणे बसून त्याने वीस पानांतल्या 'पडलो'चं 'पडतो' केलं.

त्याची एक रीत होती. नवी गोष्ट आधी बोंबील वाळत घालणाऱ्या बायांपुढे वाचायची. जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या बांबूवर टाकणारे हात थांबले, तर गोष्ट जमली. हीच गोष्ट भूतकाळात ऐकताना खाडीत बुडण्याच्या प्रसंगाला एकीचाही हात थांबला नव्हता. थांबले होते ते तांडेलाच्या सोबत्याबद्दलच्या एका वाक्याला: 'त्यानंतर सदा मला जिवंत दिसला नाही.'

सकाळी तो वाचायला लागला. "मी चहा पितो. मी बंदरावर जातो. मी सदाची वाट पाहतो."

"भावजी, ही गोष्ट हाय का क्रिकेटची कॉमेंट्री?" कृष्णाबाई म्हणाली. "मागल्या वेळी 'चार दिवस असेच गेले' म्हणून मोकळे झाला होतात. आता चहाचा घोट न् घोट मोजायचा का आमी?"

हरेश्वरने पान उलटलं. "यानंतर सदा मला जिवंत दिसणार नाही."

"तुमच्या तांडेलाला आताच कसं कललं? तोच मारनार हाय का त्याला?"

बाया खिदळल्या. हरेश्वरचे कान तापले. लाडकं वाक्य, पण ते मागे वळून बघणाऱ्याचं होतं. आत्ता, या घटकेला जगणाऱ्याला उद्याचं काय ठाऊक?

तो चिडून थेट खाडीच्या प्रसंगावर आला. "पाणी नाकात जातंय. दोर हाताला लागत नाही. छाती फुटतेय."

हात थांबले. कृष्णाबाईच्या बोटाला एक बोंबील तसाच लोंबत राहिला.

"वाचतो का?" तिने हळूच विचारलं.

पुढची ओळ होती, 'मी वर येतो.' ती हरेश्वरच्या ओठांवरच अडली. गोष्ट सांगायला मागे उरायचं, म्हणून इतकी वर्षं त्याचा प्रत्येक 'मी' मुकाट वर येत होता. या वर्तमानकाळातल्या 'मी'वर ती सक्ती नव्हती. त्याने कागद मिटले.

घरी येऊन त्याने चहा कापला, बंदर कापलं. सदाचं वाक्य खोडताना पेन दोनदा उचलला, तिसऱ्यांदा खोडलं. गोष्ट पाण्याखालीच थांबवली, अर्ध्या वाक्यात.

दिवाळीत अंक आला. हरेश्वर तो घेऊन मिरवत बायांकडे गेला. कृष्णाबाईने शेवट ऐकला, बांबूवर एक जोडी टाकली.

"चांगला माणूस होता," ती म्हणाली. "छापून यायला बुडवलात त्याला."

आणि तिने पाठ फिरवली.